कचऱ्याचे डबे किती, केवढे आणि कुठल्या रंगाचे? शाळा, ऑफिस आणि रस्त्यासाठी नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे सहाशे मुलं आहेत. किती डबे घ्यायचे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि नुसत्या डोक्यांच्या संख्येवरून त्याचं उत्तर देता येत नाही. सहाशे मुलं घरून डबा आणणारी असतील तर कचरा एक, शाळेत खिचडी वाटली जात असेल तर दुसरा आणि फाटकाबाहेर वेफर्सचं दुकान असेल तर तिसराच. डब्याचं माप तीन गोष्टींवर ठरतं. रोज किती लिटर कचरा होतो, दोन उचलींमध्ये जास्तीत जास्त किती दिवस जातात आणि भरलेला डबा उचलणार कोण. तिसरी गोष्ट दरपत्रक मागवताना हमखास विसरली जाते, आणि मग २४० लिटरचा चाकांचा डबा पायऱ्या असलेल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर जाऊन बसतो.

किलोत मोजायचं की लिटरमध्ये?

डबा विकत घ्यायचा असेल तर लिटरमध्ये. ओला कचरा जड असतो आणि जागा कमी खातो, सुका हलका असतो आणि जागा भरपूर खातो. ताटातला उरलेला भात, भाजी, खिचडी यांचा एक लिटर अर्धा किलोच्या आसपास भरतो, कधी त्याहूनही जास्त. वेष्टनं, बाटल्या, कागदी कप असा मोकळा सुका कचरा लिटरला जेमतेम ३० ते ५० ग्रॅम भरतो. म्हणजे दोन्ही कचरे वजनाला सारखे असले तरी सुक्याला दहापट जागा लागू शकते. दोन्हींसाठी एकाच मापाचे डबे जोडीने घेतले की निळा वाहतो आणि हिरवा तळाशी चार साली घेऊन उभा राहतो. असं दृश्य दिसलं की मोजणी झालेलीच नाही असं खुशाल समजा.

वजनही दोन कारणांसाठी लागतं. एक, डबा माणसाला उचलता येईल का ते बघायला. दोन, दिवसाला १०० किलो किंवा त्याहून जास्त कचरा होत असेल तर तुम्ही मोठे कचरा निर्माते ठरता आणि ओल्या कचऱ्याची जबाबदारी तुमच्यावर येते. मग प्रश्न डब्यांपुरता उरत नाही.

मोजायचं कसं? आमच्याकडे काटा नाही.

काट्यावाचूनही चालेल. २० लिटरची रंगाची रिकामी बादली घ्या. आत चार समान भागांवर मार्करने रेघा मारा. रोज संध्याकाळी ओला आणि सुका कचरा वेगवेगळा, न दाबता बादलीत ओता आणि किती बादल्या झाल्या ते लिहा. पाव बादलीपर्यंतची नोंद पुरेशी आहे. हे सलग आठवडाभर करा. परीक्षेचा आठवडा, स्नेहसंमेलन, दिवाळीआधीची साफसफाई हे दिवस टाळा, कारण त्या दिवसांचा कचरा नेहमीचा नसतो.

किराणा दुकानातला लटकता काटा मिळाला तर दोन-तीन भरलेल्या बादल्या वजन करून घ्या. रिकाम्या बादलीचं वजन वजा करून २० ने भागलं की तुमच्या कचऱ्याचं लिटरमागे वजन मिळतं. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा हा आकडा बरा, कारण प्रत्येक ठिकाणचा कचरा वेगळा.

एक काळजी घ्या. मोजणी सुरू आहे हे मावशींना आणि शिपाईकाकांना आधी सांगा. नाहीतर कागद, पुठ्ठा रद्दीत जातो तो रोजच्यासारखा परस्पर बाजूला काढला जाईल आणि तुमच्या हिशोबात येणारच नाही. तो वेगळा निघत असेल तर चांगलंच आहे, फक्त त्याची नोंद हवी.

मोजणीवरून डब्याचं माप कसं काढायचं?

रोजचे लिटर गुणिले दोन उचलींमधले जास्तीत जास्त दिवस. आलेल्या आकड्याला ०.७५ ने भागा, कारण डबा तीन चतुर्थांशच भरायचा असतो. झाकण नीट बसलं नाही की माश्या, कुत्री आणि पाऊस आत येतात.

दिवस मोजताना ठरलेलं वेळापत्रक धरू नका, प्रत्यक्षात काय होतं ते धरा. घंटागाडी रोज येते असं म्हणतात, पण महिन्यातून दोनदा दांडी होत असेल तर ओल्यासाठी दोन दिवस धरायला हवेत. सुका आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शनिवारी जात असेल तर मंगळवार ते शनिवार हे चार दिवस धरा. सरासरी काढलीत तर दर शुक्रवारी डबा ओसंडणार.

एका शाळेचा पूर्ण हिशोब करून दाखवाल का?

समजा, तालुक्याच्या गावातली शाळा आहे. ६०० मुलं, २० वर्ग, दुपारचं पोषण आहाराचं जेवण बाहेरून शिजवून येतं. आठवडाभराच्या मोजणीत ताटातलं उरलेलं अन्न रोज १८ किलोच्या आसपास निघालं. लिटरमागे अर्धा किलो धरला तर ते ३६ लिटर. एका दिवसासाठी ३६ भागिले ०.७५ म्हणजे ४८ लिटर क्षमता हवी. गाडी एक दिवस चुकली तर ९६.

आता उचलणाऱ्याचा विचार करू. १२० लिटरचा एकच डबा घेतला आणि तो तीन चतुर्थांश भरला तर आत ४५ किलो ओला कचरा असेल. चाकं असली तरी शाळेच्या पटांगणातल्या मुरमावरून तो ओढत नेणं आणि घंटागाडीच्या काठापर्यंत उचलून रिता करणं दोन माणसांनाही जड जातं. ६० लिटरच्या डब्यात तेवढ्याच भरण्याने साडेबावीस किलो होतात. दोन्ही बाजूंना कड्या असतील तर दोघी मिळून सहज नेतात. म्हणून ओल्यासाठी माझं सांगणं नेहमी एकच असतं: डबा लहान, संख्या जास्त.

दोन डब्यांनी भागेल असं वाटतं. पण ज्या दिवशी केळी वाटली जातात तो दिवस बघा. एका केळ्याची साल ४० ग्रॅमच्या आसपास, ६०० सालींचे २४ किलो. साली एकमेकींवर नीट बसत नाहीत, मोकळ्या पडतात, त्यामुळे लिटरमागे ३०० ग्रॅमच धरले तरी ८० लिटर झाले. नेहमीचे ३६ मिळवले की ११६. दोन डब्यांत तीन चतुर्थांश भरून ९० लिटरच मावतात, तीन डब्यांत १३५. म्हणजे ६० लिटरचे तीन हिरवे डबे घ्यायचे. तिसरा रोज लागणार नाही, पण केळ्यांच्या दिवशी आणि गाडीच्या दांडीच्या दिवशी तोच लाज राखतो.

सुका कचरा रोज ८ किलो निघाला. लिटरमागे ५० ग्रॅम धरले तर १६० लिटर. चार दिवसांचे ६४०, आणि ०.७५ ने भागल्यावर साडेआठशे लिटर. २४० चे चार डबे लागतील आणि ते ठेवायला जागा कुठे, हा प्रश्न उभा राहील. इथे थांबून कचऱ्यात काय आहे ते बघायचं. या ८ किलोंत ५ किलो वह्यांचा आणि कार्यालयातला कागद निघाला. तो चुरगळून टाकण्याऐवजी सपाट रचला तर लिटरमागे २०० ग्रॅम सहज मावतो. म्हणजे रोज २५ लिटर, चार दिवसांचे १००, एका पोत्याचं काम, आणि रद्दीवाला पैसे देऊन नेतो. उरलेला ३ किलो कचरा वेष्टनांचा आणि बाटल्यांचा, फारच हलका, लिटरमागे ३० ग्रॅम. रोज १०० लिटर, चार दिवसांचे ४००. तीन चतुर्थांशच भरायचा तर ५३३ लिटर लागतात, पण या सुक्या कचऱ्याला हाताने थोडं दाबता येतं, त्यामुळे २४० चे दोन निळे डबे पुरतात. कागद वेगळा केल्याने डबे निम्म्यावर आले.

जेवणाच्या ठिकाणी एकच मोठा हिरवा डबा ठेवला तर?

मुलं रांग लावतील, कंटाळतील आणि उरलेला भात हात धुण्याच्या नळाखाली जाईल. नंतर गटार तुंबलं की प्लंबर बोलवावा लागतो. इथे डब्यांची संख्या कचऱ्यावर ठरत नाही, रांगेवर ठरते.

वरच्याच शाळेत ३०० मुलांची एक पंगत उठते. ताट झाडायला एका मुलाला पाच सेकंद लागले तर एका डब्यावर मिनिटाला १२ मुलं होतात, आणि ३०० मुलांना २५ मिनिटं लागतात. तीन ठिकाणी डबे ठेवले तर आठ-नऊ मिनिटांत काम होतं. म्हणून नळाच्या आधी, रांगेत, २० लिटरच्या तीन बादल्या आणि प्रत्येकीवर मोठ्या भोकांची चाळणी. पाणी खाली, अन्न वर. पंगत उठली की चाळणीतलं ६० लिटरच्या हिरव्या डब्यात. आमटी-वरणाचं पाणी डब्यात जाऊ दिलं तर वजन वाढतं, वास येतो आणि घंटागाडीवाला कुरकुरतो, रास्तच कुरकुरतो.

प्रत्येक वर्गात हिरवा आणि निळा, दोन्ही हवेत का?

नको. वर्गात कागद, पेन्सिलीचं टोक, वेष्टन एवढंच होतं. प्रत्येक वर्गात १०-१२ लिटरचा एक निळा पुरे. मुलं वर्गातच डबा खात असतील तर दर दोन वर्गांमध्ये व्हरांड्यात एक लहान हिरवा ठेवा. वर्गात ओला डबा ठेवला की तो शुक्रवारी रिता करायचा राहतो आणि सोमवारी वर्ग उघडवत नाही.

मुलींच्या स्वच्छतागृहात काय ठेवायचं?

प्रत्येक शौचकूपात पायाने उघडणारा, झाकणाचा, ५ ते ८ लिटरचा डबा. दारापाशी बाहेर एकच ठेवला तर तो वापरला जात नाही, मुली पॅड खिडकीत किंवा भांड्यात टाकतात. आत वर्तमानपत्राचे कापलेले कागद टांगून ठेवा. पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, ही पद्धत पुण्यातल्या कचरावेचकांच्या आग्रहामुळे रुजली. पुडीत काय आहे ते उघडून न बघताच कळतं. हा डबा रोज रिता व्हायला हवा, भरला नसला तरी.

रंगांचा नियम नक्की काय आहे?

ओल्याला हिरवा आणि सुक्याला निळा, एवढं सगळीकडे पक्कं आहे. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत कचऱ्याचे चार भाग सांगितले आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. शेवटच्यात बल्ब, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं, रंगाचे डबे असं येतं. सॅनिटरीला लाल आणि विशेष काळजीच्या कचऱ्याला काळा वापरण्याची रीत बऱ्याच ठिकाणी आहे, पण डबे मागवायच्या आधी नगरपालिकेच्या आरोग्य विभागात विचारून घ्या. त्यांच्या गाडीच्या कप्प्यांचे रंग आणि तुमच्या डब्यांचे रंग जुळले पाहिजेत, नाहीतर तुम्ही वेगळं केलेलं गाडीत एक होतं.

पिवळा टाळा. दवाखान्यांच्या जैववैद्यकीय कचऱ्यात पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या रंगांना स्वतःचे अर्थ आहेत. शाळेत किंवा कंपनीत आरोग्य कक्ष असेल तर तिथली ड्रेसिंगची सुविधा स्वतंत्र ठेवा आणि ते डबे बाहेरच्या डब्यांत मिसळू देऊ नका.

रंग असूनही लोक चुकीच्या डब्यात टाकतात. का?

बहुतेक वेळा तीन कारणं सापडतात. पहिलं, डब्यांचा क्रम मजल्यागणिक बदललेला असतो. लोक सवयीने हात पुढे करतात, रंग बघत नाहीत. हिरवा कायम डावीकडे ठेवा. दुसरं, पाटीवर नुसतं «ओला» आणि «सुका» लिहिलेलं असतं, आणि हातातला चहाचा कप कुठला ते त्यावरून कळत नाही. पाटीवर तुमच्याच ठिकाणच्या चार-पाच वस्तूंची चित्रं लावा: केळ्याची साल, चहाची भुकटी, वेफर्सचं पाकीट, पाण्याची बाटली. शाळेत ही पाटी मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर हवी, शिक्षकाच्या नाही. काहींना लाल आणि हिरव्यातला फरक दिसत नाही, त्यांनाही चित्राचाच आधार होतो. तिसरं, एकटा डबा. निळा एकटा दिसला की त्यात सगळंच जातं. जिथे दोन्ही प्रकारचा कचरा होतो तिथे जोडी ठेवा किंवा काहीच ठेवू नका.

उन्हात दोन वर्षांत स्वस्त प्लॅस्टिकचा हिरवा फिका पडतो आणि मग वादाला तोंड फुटतं. बाहेरच्या डब्यांसाठी अतिनील किरणांना टिकणारं प्लॅस्टिक मागा, तसं दरपत्रकात लिहून घ्या.

ऑफिसमध्ये प्रत्येक टेबलाखाली डबा हवा का?

काढून टाका. टेबलाखालचा डबा हा मिश्र कचऱ्याचा कारखाना असतो, त्यात पेपर क्लिपबरोबर संत्र्याची साल निघते. साठ जणांच्या ऑफिसला पँट्रीत एक जोडी आणि प्रिंटरपाशी कागदाची एक पेटी, एवढ्यावर भागतं. मजले दोन असतील तर जोड्या दोन.

ऑफिसचा निळा डबा भरतो तो मुख्यतः दोन गोष्टींनी: कागदी कप आणि ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंचे पुठ्ठे. साठ जणांनी दिवसाला तीन चहा घेतले तर १८० कप. मोकळे टाकले तर त्यांना ४० ते ५० लिटर जागा लागते. एकात एक बसवले तर प्रत्येक कप सेंटीमीटरभरच वर येतो, आणि सगळे मिळून सहा-सात लिटरमध्ये मावतात. पँट्रीत कपांसाठी उभी नळी लावली की निळा डबा एका मापाने लहान घेता येतो. उरलेला चहा ओतायला शेजारी चाळणीची बादली हवी, नाहीतर नळीच्या तळाशी थंड चहा साचतो. स्टीलचे कप आणले तर हा सगळा हिशोबच संपतो, पण ते धुणार कोण हे आधी ठरवा.

पुठ्ठ्याची खोकी उलगडून सपाट करायची. हे काम खोकं उघडणाऱ्याचंच, सफाईवाल्याचं नाही, असं ठरवल्याशिवाय कधी होत नाही.

रस्त्यावर किती अंतरावर डबे हवेत?

अंतराच्या पट्टीने रस्ता आखू नका. आधी लोक हातातलं काय, कुठे टाकतात ते बघा. सकाळी झाडू मारण्याआधी एकदा रस्ता चालून या: बस थांबा, वडापावची गाडी, पानटपरी, एटीएमचं दार, दवाखान्याच्या पायऱ्या. कचऱ्याचे ढीग जिथे दिसतात तिथे डबे. गजबजलेल्या बाजारात ते ५० मीटरांवरही येतील, निवासी गल्लीत एकही लागणार नाही. तिथे घंटागाडी दारात येते, आणि ठेवलेला डबा दोन दिवसांत घरगुती पिशव्यांची कुंडी होतो.

त्यासाठीच तोंडाचं माप महत्त्वाचं. रस्त्यावरच्या डब्याचं तोंड १५ ते २० सेंटीमीटरचं हवं: कप, पाकीट, बाटली जाईल, घरची पिशवी जाणार नाही. पिशव्या मग डब्याच्या पायथ्याशी दिसू लागल्या तर त्या भागात घंटागाडीची वेळ चुकते आहे असं समजा. नोकरीला जाणारे साडेआठला घर सोडतात आणि गाडी दहाला येते, हे नेहमीचं कारण. तिथे मोठा डबा आणून काही साधत नाही.

विक्रेत्यांच्या कचऱ्याचं काय करायचं?

तो पादचाऱ्यांच्या डब्यात मोजू नका. शहाळ्याची एक रिकामी कवटी दीड-दोन किलोची असते आणि दाबली जात नाही. ८० लिटरचा डबा वीसेक शहाळ्यांत संपतो आणि ३०-४० किलोंचा होतो. रसवंतीच्या चिपाडांचंही तसंच. अशा विक्रेत्याने आपला डबा किंवा पोतं स्वतः ठेवायचं आणि संध्याकाळी ठरल्या वेळी गाडीत द्यायचं, हे मुकादमाने त्याच्याशी बोलून ठरवावं लागतं. वडापाव-भजीच्या गाड्यांपाशी ८० लिटरची जोडी पुरते, पण तिथे सुक्याचा डबा ओल्याच्या आधी भरतो, कागद आणि द्रोणांमुळे.

बसवलेले डबे पुरतात की नाही, हे कसं ओळखायचं?

डब्याच्या आतल्या भिंतीला पाव, अर्धा, पाऊण अशा रंगाच्या रेघा मारा आणि आठवडाभर सकाळी, दुपारी, रात्री नऊला बघून लिहा. दुपारी अर्धा आणि रात्री ओसंडलेला असेल तर डबा लहान नाही, संध्याकाळची एक उचल कमी आहे. मोठा डबा घेतला तर तो रात्रभर भरलेला उभा राहतो आणि कुत्र्यांना मेजवानी होते. त्यापेक्षा सात-साडेसातला एक फेरी वाढवणं बऱ्याचदा स्वस्त पडतं. सगळ्या वेळी पाऊणच्या वर असेल तर मात्र माप किंवा संख्या वाढवा. आणि जो डबा आठवडाभर पावाच्या खालीच राहतो तो उचलून गरज आहे तिथे न्या, रस्त्यावर शोभेला ठेवू नका.

खरेदी करताना आणखी काय बघायचं?

तळाला पाणी जायला भोक, बाहेरच्या डब्याला. झाकण आणि बिजागरी सुटी मिळते का. चाकांच्या डब्यात पहिली मोडते ती चाकांची धुरी, प्लॅस्टिकची असेल तर पहिल्याच पावसाळ्यात, म्हणून लोखंडी मागा. २४० लिटरचा डबा साधारण ५८ सेंटीमीटर रुंद आणि ७३ सेंटीमीटर खोल असतो, दरवाजा आणि लिफ्ट आधी मोजा. रस्त्यावर बिडी-सिगारेटने प्लॅस्टिक वितळतं, तिथे पत्र्याचा डबा खांबाला साखळीने बांधून ठेवा. आणि दहा डबे घेत असाल तर दोन झाकणं आणि चाकांची एक जोडी जास्तीची मागवा, कारण सहा महिन्यांनी तेवढ्यासाठी विक्रेता फोन उचलत नाही.